हाऽऽव नं, घेऊन जा!

उमरेडकडच्या बैठकीत कोणी सरळ ‘नाही’ म्हणत नाही. नकार द्यायचा असला तर माणूस आधी मोठ्यानं होकार देतो, मग तो होकार इतका फुगवतो की ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. समोर बसलेल्याला कळतं, म्हणजे. मोबाईलच्या रेकॉर्डिंगवरून दुसऱ्या दिवशी अहवाल लिहिणाऱ्याला ते कळेलच असं नाही, आणि त्या अहवालावर पुढे सही करणाऱ्याला तर मुळीच नाही.

मी तालुक्यातल्या काही शेतकरी गटांचे हिशेब आणि कागदपत्रं पाहतो. त्यातल्या एका गटात गोदामावरून जे झालं ते सांगतो, कारण तसं कुठल्याही गटात, बचत गटात किंवा सोसायटीत होऊ शकतं. नावं घेत नाही. गटानं सोयाबीन चाळायचं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं आणि ते ठेवायला पक्की जागा हवी होती. बैठकीत एक वयस्क सभासद होते, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. त्यांचं रस्त्याला लागून गोडाऊन आहे. बैठक फोनवर रेकॉर्ड झाली, ऑफिसातल्या मुलानं ती उतरवून काढली आणि त्यावरून दीड पानाचा सारांश केला. सारांशात एक वाक्य होतं: ‘भाऊंनी आपले गोदाम यंत्रासाठी विनामूल्य देण्याचे मान्य केले.’

हा कागद कर्जाच्या प्रस्तावाला जोडला गेला. जागा गटाची स्वतःची सोय म्हणून दाखवली गेली. पाहणीला साहेब आले तेव्हा गोडाऊनला कुलूप होतं, आणि भाऊंचे धाकटे बंधू, ज्यांचा त्या जागेत अर्धा हिस्सा आहे, दारात उभे राहून विचारत होते की कोणाला विचारून दिलं. भाऊंना तर आपण काय दिलं हेच ठाऊक नव्हतं. प्रस्ताव परत आला, हंगाम निघून गेला आणि दोन भावांत बोलणं बंद झालं ते वेगळंच.

मग मी रेकॉर्डिंग मागवलं आणि तो भाग कान देऊन ऐकला. शब्द असे होते:

अध्यक्ष: मग शेडचं काय करायचं? भाऊचं गोडाऊन तं रिकामंच आहे.
भाऊ: हाऽऽव नं, घेऊन जा! गोडाऊन कायले, घरही लिहून देतो तुमच्या नावानं.
(पाच-सहा जण मोठ्यानं हसतात)
मागून एक आवाज: जेवाले कधी बोलावता मंग?
भाऊ: (हसत) पह्यले घरच्या बाईले विचारा.
अध्यक्ष: (हसू ओसरल्यावर) बरं, मशीनच्या रेटचं बोला.

मुलानं उतरवलेल्या मजकुरात हेच असं झालं होतं: ‘अध्यक्ष: शेडचे काय करायचे? भाऊंचे गोडाऊन रिकामे आहे. भाऊ: हो, घेऊन जा. गोडाऊन, घर लिहून देतो. अध्यक्ष: बरं, मशीनच्या दराचे बोला.’ त्यानं खोटं काही लिहिलं नाही. त्यानं फक्त मजकूर स्वच्छ केला. लांबवलेला ‘हाऽऽव’ सरळ केला, ‘कायले’ गाळलं, हशा काढला, मागचा आवाज कोणाचा ते कळेना म्हणून तोही काढला. या चार गोष्टी निघाल्या आणि थट्टेचं वचन झालं. सारांश लिहिताना तो चुकला असं सगळे म्हणत होते. माझ्या मते नुकसान त्याआधीच, उतरवण्याच्या पायरीवर, झालं होतं. स्वच्छ केलेला मजकूर समोर असता तर मीही कदाचित तेच वाक्य लिहिलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट उतरवणाऱ्यासाठी. सारांशात बोली ठेवू नका हवं तर, पण उतरवलेल्या मजकुरात ठेवा. लांबवलेल्या स्वराला आपल्याकडे अवग्रह आहे, तो वापरा. ‘हो’ आणि ‘होऽऽ’ यांत बैठकीचा निकाल बदलू शकतो. हशा कंसात लिहा, आणि नुसता ‘हशा’ न लिहिता कोण हसलं ते लिहा: बोलणारा स्वतः, ज्याच्याशी बोलला तो, की सगळे. विधिमंडळाच्या छापील कार्यवाहीतसुद्धा हशाची नोंद कंसात असते, ती काही शोभेसाठी नाही. पुढचा वाचक सभागृहात नव्हता, त्याला ती खूण लागते. मिनिट-सेकंद बाजूला टाका, म्हणजे शंका आली तर नेमकं तेवढंच पुन्हा ऐकता येतं. बोललेलं आपोआप अक्षरांत उतरवणारं ॲप वापरत असाल तर ते हसणं बहुधा गाळून टाकतं आणि दोघं एकदम बोलले की एकाचंच ठेवतं. तिथे रेकॉर्डिंग लावून मजकुरावर एकदा हात फिरवावाच लागतो. पूर्ण बैठकीवर नाही फिरवला तरी चालेल, पण जिथे जिथे ‘देतो’, ‘करतो’, ‘पाहून घेतो’, ‘माझ्याकडे लागलं’ असे शब्द आहेत तिथे तरी.

आता प्रश्न असा की थट्टा ओळखायची कशी. हशा झाला म्हणजे थट्टा, हा नियम सोपा वाटतो आणि तो साफ चुकीचा आहे. त्याच बैठकीत त्याचा पुरावा होता, आणि तो मला गोडाऊनपेक्षा जास्त शिकवून गेला.

हरभऱ्याच्या बियाण्याचा विषय निघाला. बाजारात बी मिळत नाही अशी ओरड होती. एक सभासद म्हणाले, ‘माझ्या घरी पडलं आहे नं, घेऊन जा. पैसे आले तं द्या, नाही आले तं नातवाच्या लग्नात आहेर करा.’ सगळे हसले. मग एका ताईंनी विचारलं, ‘किती आहे?’ ते म्हणाले, ‘आठ पोते. जाकी ९२१८. पण सोमवारी सकाळीच या, दुपारी मी नागपूरले चाललो.’ ताई म्हणाल्या, ‘मी गाडी पाठवतो.’ विषय संपला.

सारांशात यातलं काहीच नव्हतं. का, तर हसले होते. सोमवारी ताईंची गाडी गेली आणि त्यांनी पोती आणली, पण बी गटासाठी होतं हे कागदावर कुठेच नसल्यामुळे ते त्या एकट्यांच्याच रानात पेरलं गेलं. पैशावरूनही नंतर कुरबूर झाली.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. दोन्हीत हशा आहे, दोन्हीत ‘घेऊन जा’ आहे. फरक पडतो तो हसणं संपल्यावर. गोडाऊनच्या वेळी पुढच्या माणसानं थट्टेला थट्टा जोडली आणि खुद्द अध्यक्षांनी विषय बदलला. किती जागा, कधीपासून, भाडं काय, किल्ली कोणाकडे, यातलं कोणी काही विचारलं नाही. बियाण्याच्या वेळी पुढच्या वाक्यात संख्या आली, वाण आलं, वार आला, आणि घेणाऱ्या बाईनं गाडीची जबाबदारी घेतली. वाक्याचा खरेपणा त्या वाक्यात शोधू नका, त्याच्या पुढच्या दोन-तीन वाक्यांत शोधा. ऐकणाऱ्यांनी ते कसं घेतलं हे तिथे दिसतं. ज्याला कामाला लागायचं असतं तो तपशील विचारतो.

आणखी बारीक पाहिलं तर बियाण्याचं ते बोलणं अर्धं थट्टेचं आणि अर्धं खरं होतं. पोती, वाण आणि सोमवार हे पक्कं होतं. पैसे आहेरात देण्याचं थट्टेतलं होतं, पण पैसे कधी द्यायचे याचं खरं उत्तरही कोणी दिलं नव्हतं. अशा वेळी अख्खं बोलणं ठेवायचं किंवा अख्खं टाकायचं असं करू नये. माझ्या हातून ती नोंद अशी झाली असती: ‘हरभरा बियाणे (जाकी ९२१८), आठ पोती, सोमवारी सकाळी उचलायची, गाडी अमुक ताई पाठवतील. रक्कम व देण्याची मुदत ठरली नाही.’ शेवटचं वाक्य सारांश लिहिणारे हमखास गाळतात, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. गोडाऊनच्या मुद्द्यावरही तसंच एक वाक्य हवं होतं: ‘यंत्र ठेवण्याच्या जागेबाबत निर्णय झाला नाही.’ थट्टा गाळली की त्या जागी प्रश्न उघडा राहतो. तो उघडा आहे हे लिहिलं नाही, तर वाचणाऱ्याला वाटतं की जागेचं कुठेतरी जमलं असेल.

हाच गुंता अमेरिकेतल्या एका शेताच्या खटल्यात कोर्टानं सोडवलेला आहे. कायद्याचे विद्यार्थी तो लुसी विरुद्ध झेमर म्हणून शिकतात. १९५२ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियात लुसी नावाचा माणूस झेमरच्या हॉटेलात आला. दारू होतीच. बोलता बोलता झेमरचं ४७१ एकरांचं शेत ५० हजार डॉलरला विकायचा विषय निघाला. झेमरनं तिथल्याच बिलाच्या कागदाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. आधी ‘मी’ विकतो असं लिहिलं होतं, बायकोचीही सही हवी म्हणून ते फाडून ‘आम्ही’ असं पुन्हा लिहिलं. बायको सही करायला कांकू करू लागली तेव्हा झेमर तिच्या कानात पुटपुटला की ही थट्टा आहे. लुसीला ते ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी लुसी पैशाच्या तजविजीला लागला आणि झेमर म्हणू लागला, मी तर गंमत करत होतो. १९५४ साली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: व्यवहार बांधील आहे. मनात काय होतं ते कोर्टानं मोजलं नाही. समोरच्याला काय दिसलं आणि ऐकू आलं ते मोजलं. अर्ध्या-पाऊण तासाची चर्चा, कागद पुन्हा लिहिणं, मालकी हक्काचे कागद तपासण्याची अट, दोघांच्या सह्या. एवढं केल्यावर थट्टा म्हणता येत नाही.

याच्या उलट निकाल १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दिला. पेप्सीच्या एका जाहिरातीत ७० लाख पॉइंटना लढाऊ जेट विमान मिळेल असं गमतीनं दाखवलं होतं; एकानं खरोखर तेवढ्या पॉइंटची सोय करून विमान मागितलं. कोर्टानं ते फेटाळलं. शहाण्या माणसाला ते खरं वाटूच शकत नाही, असं म्हटलं. भाऊंचं ‘घरही लिहून देतो’ या जातीतलं आहे. मागितलं गोडाऊन आणि देऊ केलं घर, म्हणजे देणारा थट्टा करतो आहे हे देण्याच्या आकारावरूनच कळायला हवं.

झेमरच्या गोष्टीत आमच्यासारख्यांसाठी अजून एक सावधगिरी आहे. ते कानातलं पुटपुटणं. फोन ज्याच्यासमोर ठेवलेला असतो त्याचं शेजाऱ्याशी केलेलं बोलणं रेकॉर्डिंगमध्ये अगदी स्पष्ट येतं, आणि खोलीतल्या बाकीच्यांनी ते ऐकलेलंच नसतं. ‘मी नाही देत, नुसतं बोललो’ असं एखादा बाजूच्याला म्हणाला तर ते बैठकीचं बोलणं धरायचं नाही. तसंच उलटही: पुढे अडचण आली की माणसं सोयीनं ‘मजाक केली होती’ म्हणतात. म्हणून शंका विचारायला फोन लावाल तेव्हा ‘काकाजी, ती गंमत होती नं?’ असं विचारू नका. तुम्ही त्यांच्या हातात सुटायची वाट ठेवली. ‘काकाजी, बियाण्याचं तुम्ही आठ पोते आणि सोमवार असं बोलले होते. तसंच लिहू का, की बदल करायचा?’ असं विचारा. जे ऐकू आलं ते त्यांच्याच शब्दांत वाचा आणि थांबा. त्याच संध्याकाळी विचारा. दोन दिवसांनी माणसाला आपण काय बोललो यापेक्षा काय बोलायला हवं होतं ते जास्त आठवतं.

हसण्याबद्दल आणखी एक. बचत गटाच्या बैठकीत बाया काम अंगावर घेताना हसतातच. ‘मीच करतो आता, दुसरं कोण करते’ असं म्हणून एखादी हसते आणि महिनाभर खरंच बँकेच्या चकरा मारते. ते संकोचाचं हसणं आहे. आणि काही पुरुष असे असतात की चेहऱ्यावरची रेषही न हलवता भल्याभल्यांना फिरवतात, खोलीत कोणी हसत नाही, दहा मिनिटांनी एकाला कळतं. अशा माणसाचं बोलणं गाव ओळखणाऱ्याकडूनच तपासून घ्यावं. पुण्याला बसून आमचा अहवाल लिहिणाऱ्याला ते जमणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

उपरोधाची गोष्ट थट्टेपेक्षा अवघड. थट्टा गाळली तर सहसा काही बिघडत नाही. उपरोध गाळला तर तक्रार गाळली जाते. आमच्याकडे कऱ्हांडल्याचं जंगल जवळ, रानडुकरं हरभरा उकरतात, आणि वाघाचं बोलणं तर रोजचंच. ‘जय’ वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला तरी त्याचं नाव अजून बैठकीत निघतं. एकदा नुकसानीच्या पंचनाम्यावरून चर्चा चालली असताना एक जण म्हणाला, ‘हाव, मीच जातो साहेबाकडं उद्या हार घेऊन. म्हणतो, पंचनाम्याले नका येऊ, डुकरायलेच सांगा पाहुणचार झाला म्हणून.’ ‘अमुक सभासद उद्या साहेबांना भेटतील’ अशी नोंद इथे सहज होते. माणूस, दिवस, काम, सगळं वाक्यात आहे. पण हाराचा आणि डुकरांच्या निरोपाचा भाग वाचला की कळतं, तो जाणार नाही. तो चिडला आहे. नोंद अशी हवी: ‘पंचनामा वेळेवर होत नसल्याची तक्रार एका सभासदाने मांडली. भेटायला कोणी जावे हे ठरले नाही.’ इथेही एक बंधन पाळायचं: तक्रारीचा अर्थ आपण लावतो आहोत. त्याच्या बोलण्याच्या पलीकडे जे आहे ते, म्हणजे ‘त्याला मोर्चा काढायचा आहे’ वगैरे, आपल्या पदरचं घालायचं नाही.

ग्रामसभेत ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, ही जुनी पद्धत या कामाला फार उपयोगी आहे. छोट्या बैठकीत कोणी औपचारिक ठराव मांडत नाही, तरी सारांश लिहिताना प्रत्येक ‘मान्य केले’समोर मनात अनुमोदक शोधा. दुसऱ्या कोणीतरी ते उचललं का, त्यावर काम बांधलं का? नसेल तर ‘मान्य केले’ लिहू नका. ‘म्हणाले’ लिहा, ‘सुचवले’ लिहा, किंवा काहीच लिहू नका. ‘मान्य केले’ आणि ‘ठरले’ ही क्रियापदं महाग आहेत. त्यांच्यासाठी कोण, काय आणि कधी हे तिन्ही मजकुरात सापडायला हवेत. ‘कधी’ सापडत नसेल तर ‘मुदत ठरली नाही’ असं शेजारीच लिहायचं.

शब्द उतरवणं आणि त्यातलं वचन कोणतं हे ठरवणं ही दोन कामं शक्य तर वेगळ्या माणसांना द्या, निदान वेगळ्या वेळी करा. लोकसभेनं १९५३ मध्ये सरकारी आश्वासन समिती नेमली ती याचसाठी. मंत्री सभागृहात बोलतात, ते प्रतिवेदक शब्दशः उतरवतात. मग कार्यवाहीतून आश्वासनं वेगळी निवडली जातात, आणि एखादं बोलणं आश्वासन नव्हतंच असं खात्याला वाटलं तर ते समितीकडे दाद मागतं. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. आमच्या गटात एवढा थाट कुठला? पण उतरवून झाल्यावर मजकूर रात्रभर ठेवून सकाळी सारांश लिहिला, तरी बराच फरक पडतो.

गोडाऊनचं प्रकरण एवढं लांबलं त्याला शेवटचं कारण मात्र अहवाल लिहिणारा नव्हता. प्रत्येक बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. चूक पकडायची हीच जागा. पुढच्या बैठकीत सचिव वाचायला उठले तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, ‘वाचलं समजा नं, चहा येऊन राहिला.’ सगळे हसले, सचिवही हसून बसले, आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तात ओळ आली: ‘मागील इतिवृत्त वाचून एकमताने कायम करण्यात आले.’ भाऊ त्या दिवशी हजर होते.

आता त्या गटात सगळं इतिवृत्त वाचत नाहीत, फक्त ‘मान्य केले’ आणि ‘ठरले’ असलेली वाक्यं वाचतात, ज्याचं नाव आहे त्याच्याकडे पाहून. दोन-तीन मिनिटं लागतात. इतिवृत्त कायम होईपर्यंत रेकॉर्डिंग कोणी पुसत नाही. आणि कोणी हरकत घेतली तर जुनं पान खोडत नाहीत. त्या दिवसाच्या इतिवृत्तात तारखेनिशी लिहितात की अमुक बैठकीतील अमुक नोंद दुरुस्त करण्यात आली. भाऊंच्या गोडाऊनची दुरुस्ती तशीच झाली आहे, आणि प्रस्ताव आता भाड्याच्या जागेवर केला आहे, दोन्ही भावांच्या सह्यांनिशी.